वडिलांच्या एकुलत्या एका मुलाची आई

हे शीर्षक मी फळ्यावर लिहितो आणि पुढे विचारतो, ‘ती माझी कोण?’ मिनिटभरात तीन उत्तरं येतात. एक म्हणतो आजी, कारण वडील आणि आई हे दोन्ही शब्द ऐकून त्याचं डोकं दोन पिढ्या वर गेलेलं असतं. दुसरी म्हणते आई. आणि मागच्या बाकावरचा एखादा म्हणतो, ‘सर, तो मुलगा कोण तेच कळत नाही.’ या तिसऱ्याकडे माझं जास्त लक्ष असतं. तो अडलाय, पण बरोबर जागी अडलाय.

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी भरतीच्या पोरांचा अभ्यास घेतो. दिवसा कोणी बागेत असतं, कोणी बंदरावर. पोलीस भरतीचा लेखी पेपर 100 गुणांचा आणि वेळ 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. नातेसंबंधाच्या प्रश्नाला इतका वेळ भरपूर आहे. पण पोरं तो तोंडातल्या तोंडात, बोटांवर मोजत सोडवतात आणि तिसऱ्या नात्याला पहिलं विसरतात. मग पुन्हा पहिल्यापासून. दोन मिनिटं जातात आणि शेवटी अंदाजाने गोल काळा होतो.

कागदावर झाड काढायचं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते नेमकं कुठून सुरू करायचं, कुठली रेघ कुठून ओढायची आणि ‘एकुलता एक’ आला की काय करायचं, एवढंच इथे सांगतो.

वंशावळ, पण मधून सुरू होणारी

कोकणात झाड काढणं कोणाला शिकवावं लागत नाही. वडील वारले की सात-बारावर वारसांची नावं लावायला तलाठ्याकडे अर्ज जातो, सोबत वंशावळ जोडावी लागते. ती नोंद आधी गाव नमुना 6-क मध्ये होते, मग फेरफार पडतो. जात पडताळणीलाही वंशावळ लागतेच. त्यामुळे वर मूळ पुरुष, खाली त्याचे मुलगे, त्यांच्या खाली नातू, हे चित्र माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी स्वतःच्या घरच्या कागदांत पाहिलेलं असतं.

पेपरातली वंशावळ तीन बाबतींत वेगळी असते.

पहिली गोष्ट, ती वरून सुरू करायची नाही. मूळ पुरुष कोण ते आपल्याला माहीतच नसतं. बोलणारा माणूस, म्हणजे ज्याच्या तोंडी ‘माझ्या’ आहे तो, कागदाच्या मधोमध मांडायचा. वर दोन पिढ्यांना जागा आणि खाली दोन पिढ्यांना जागा. याहून जास्त सहसा लागत नाही. पोरं ‘मी’ कागदाच्या अगदी वर लिहितात, मग वडील आले की बाण वाकडे करत बसतात.

दुसरी गोष्ट, खुणा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि बाई की बुवा कळलं नसेल तर नुसतं प्रश्नचिन्ह. अनुवंशिक आजाराचा तक्ता काढताना डॉक्टरही चौकोन आणि गोलच वापरतात. नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ, भावंडांच्या डोक्यावर एकच आडवी रेघ, आई-बाप आणि मुलांमध्ये उभी रेघ. एका पिढीची माणसं एकाच आडव्या ओळीत. ओळ चुकली की उत्तर चुकलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मुलाची उभी रेघ बापापासून ओढायची नाही, आई-बापांना जोडणाऱ्या दुहेरी रेघेच्या मध्यापासून ओढायची. घरच्या वंशावळीत आपण बापाखालीच मुलगे टांगतो, बायकांची नावं पुष्कळदा कंसात किंवा नसतातच. पेपरात तसं केलं तर ‘वडिलांच्या मुलाची आई’ शोधायला हवेत हात मारावा लागतो. दुहेरी रेघेपासून काढलं की वडिलांचा मुलगा आपोआप आईचाही मुलगा होतो. दुसरं लग्न, सावत्र भावंडं हे पेपरात तसं स्पष्ट लिहिल्याशिवाय धरायचं नाही.

मराठीत साखळी सरळ वाचायची

आता फळ्यावरचं वाक्य सुरुवातीला ‘माझ्या’ लावून घेऊ. ‘माझ्या’नंतर आणि प्रत्येक चा-ची-चे-च्या नंतर पेन्सिलीने उभा दांडा मारायचा:

माझ्या | वडिलांच्या | एकुलत्या एका मुलाची | आई

दोन दांड्यांमधला एकेक तुकडा म्हणजे झाडावरचं एकेक माणूस. मराठीचा मोठा फायदा असा, की ही साखळी डावीकडून उजवीकडे, जशी वाचतो तशीच काढता येते. ‘माझ्या’ वाचलं, मधे ‘मी’ काढला. ‘वडिलांच्या’ वाचलं, वरच्या ओळीत चौकोन. ‘मुलाची’ वाचलं, खाली उतरलो. ‘आई’, पुन्हा वर.

पुष्कळ मार्गदर्शकांत ‘वाक्य शेवटून सोडवा’ असा नियम असतो. तो इंग्रजी रचनेसाठी आहे. ‘द मदर ऑफ द ओन्ली सन ऑफ माय फादर’ असं असेल तर ‘माय’ शेवटी येतो, म्हणून शेवटून यावं लागतं. पण तोच प्रश्न इंग्रजीत ‘मदर ऑफ माय फादर्स ओन्ली सन’ असाही लिहितात. तिथे शेवटून गेलं तर मुलापासून सुरुवात होते आणि पाय घसरतो. म्हणून इंग्रजी प्रश्नाला एकच सूत्र ठेवा: ‘माय’ कुठे आहे ते शोधा आणि तिथून निघा. त्याच्या उजवीकडचं ‘फादर्स ओन्ली सन’ आधी संपवा, मग डावीकडच्या ‘मदर ऑफ’कडे परत या. मराठी प्रश्नाला हा खटाटोप नको. आमच्याकडची पोरं तर वाक्य मालवणीत म्हणून बघतात, ‘माझ्या बापाशीच्या एकुलत्या एका झिलाची आवस’, आणि म्हणता म्हणता काढतात. हसू येतं, पण त्या भाषेत त्यांचा गोंधळ कमी होतो हे खरं आहे.

‘एकुलता एक’ आला की थांबायचं

खाली उतरून मुलापर्यंत आलो. हा मुलगा कोण? इथेच मागच्या बाकावरचा अडला होता.

वडिलांना मुलगा एकच आहे. बोलणारा पुरुष असेल, तर तो स्वतःही वडिलांचा मुलगाच. एकाच मुलाची जागा आहे आणि ती त्याने आधीच भरलेली आहे. म्हणजे ‘वडिलांचा एकुलता एक मुलगा’ म्हणजे तो स्वतः. नवा चौकोन काढायचा नाही, ‘मी’वरच परत बोट ठेवायचं. बोलणारी बाई असेल तर ती मुलगा नाही, त्यामुळे तो एक मुलगा म्हणजे तिचा भाऊ. तिथे नवा चौकोन काढायचा, तिच्याच ओळीत.

इथे मराठीचा एक खोडा आहे. बोलीत ‘एकुलता एक मुलगा’ म्हटलं की आपल्या मनात बहिणी नसलेला, एकटाच असलेला मुलगा येतो. मग मुलगी म्हणते, ‘सर, तो एकुलता एक आहे तर मी कुठून आले?’ रास्त शंका आहे. पेपरात हा शब्द ‘मुलग्यांमध्ये एकटा’ या अर्थाने येतो, बहिणी कितीही असू शकतात. भावंडंच नाहीत असं म्हणायचं असेल तेव्हा ‘एकमेव अपत्य’ लिहितात, आणि हे दोन वेगळे ठेवायचे. वंशावळीत बहिणींची नावं गाळल्यावरून आमच्या भागात घरटी भांडणं आहेत. 2005 च्या कायदा दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तरी कागदावर ‘एकच वारस’ म्हणून भावाचं नाव लावू पाहणारे अजून भेटतात. पेपरात तुम्ही तसं करू नका: मुलगा एक म्हणून अपत्य एक, असं धरलं की पुढच्या वाक्यातली बहीण झाडावर बसतच नाही.

आता शेवटचा तुकडा, ‘आई’. बोलणारा मुलगा असो वा मुलगी, ज्याच्यावर बोट आहे तो त्याच दुहेरी रेघेखाली आहे. त्याची आई म्हणजे बोलणाऱ्याचीही आई. म्हणून या प्रश्नाचं उत्तर ‘आई’, आणि बोलणारा कोण हे माहीत नसलं तरी ‘आई’च.

पण शेवटचा शब्द बदला. ‘माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाची बायको.’ आता बोलणारा समीर असेल तर ती त्याची स्वतःची बायको, आणि सायली असेल तर तिची वहिनी. एका शब्दाने सगळा भार बोलणाऱ्यावर येऊन पडला. म्हणून ‘एकुलता एक’ दिसला की मी पोरांना पेन्सिल उचलायला लावतो आणि वाक्याच्या सुरुवातीला परत पाठवतो: ‘म्हणाला’ आहे की ‘म्हणाली’?

सायलीचं झाड असं दिसेल. चौकोनी कंस पुरुष, गोल कंस बाई:

```
वरची ओळ     [बाबा] ══ (आई)
                  │
             ┌────┴────┐
मधली ओळ   (सायली)    [भाऊ] ══ (ती)
```

समीरच्या झाडात मधल्या ओळीत समीर आणि त्याच्या शेजारी दुहेरी रेघेने ‘ती’, एवढंच. आता साखळी लांबवून बघा: ‘ती माझ्या वडिलांच्या एकुलत्या एका मुलाच्या आईची एकुलती एक सून आहे.’ ऐकायला भयंकर, पण वरच्या चित्रावर बोट फिरवलं की बाबा, भाऊ, आई, आणि आईची सून म्हणजे भावाची बायको. चित्र तेच राहिलं, बोट फक्त एकदा जास्त वर-खाली झालं. साखळी लांब म्हणून प्रश्न अवघड, असं नसतं. बहुतेक लांब साखळ्या त्याच दोन-तीन माणसांभोवती घिरट्या घालतात.

उत्तर तपासायला मी पिढ्यांची बेरीज करायला सांगतो. आई-वडील आले की अधिक एक, मुलगा-मुलगी आली की उणे एक, नवरा-बायको आणि भावंडं शून्य. सून म्हणजे मुलाची बायको, तेव्हा तीही उणे एक. वरच्या लांब वाक्यात वडील अधिक एक, मुलगा उणे एक, आई अधिक एक, सून उणे एक. बेरीज शून्य, म्हणजे ती बोलणाऱ्याच्याच पिढीतली. पर्यायांत आई, आत्या, भाची असतील तर ते तिथेच कटले. ही बेरीज उत्तर देत नाही, चुकीची उत्तरं हाकलून देते, आणि घाईच्या वेळी तेही पुरतं.

प्रत्यय कोणाचा?

मराठीतून पेपर देणाऱ्यांची एक चूक मला दर वर्षी दिसते, आणि ती इंग्रजीतून देणाऱ्यांकडून होऊच शकत नाही. वाक्य असतं, ‘ख ही क ची सून आहे.’ मी विचारतो, ‘क बाई की पुरुष?’ निम्मा वर्ग म्हणतो, ‘बाई, कारण क ची.’

‘ची’ हा प्रत्यय क ला लागलेला दिसतो, पण तो वळतो पुढच्या शब्दाप्रमाणे. सून स्त्रीलिंगी म्हणून ‘ची’. रामाची बहीण म्हटल्याने राम बाई होत नाही. ‘क ची सून’मधून क बद्दल एवढंच कळतं की त्याला किंवा तिला मुलगा आहे आणि त्या मुलाचं लग्न झालेलं आहे. क ला प्रश्नचिन्ह. ख ला मात्र गोल, कारण ‘ही’ आणि ‘सून’ दोन्ही तिच्याबद्दल आहेत.

दुसरा सापळा ‘व्यक्ती’ या शब्दाचा. ‘ती व्यक्ती माझ्या आईच्या भावाचे अपत्य आहे’ असं वाचलं की पोरं गोल काढतात. ‘व्यक्ती’ शब्द स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘ती’ आलं, माणूस बाई आहे म्हणून नाही. तिथे मामेभाऊही असू शकतो, मामेबहीणही. नावांवरूनही ठरवू नका. किरण, शीतल, नूतन, सुहास ही नावं पेपर काढणाऱ्यांना उगाच आवडत नाहीत.

मराठीत नात्यांचे शब्द भरपूर असल्याने आपलं काम सोपंही होतं. इंग्रजीत अंकल म्हटलं की काका, मामा, मावशीचा नवरा, सगळे एकाच गोणीत. आपल्याकडे ‘मामा’ म्हटलं की लगेच कळतं, आईच्या बाजूला जायचं, आईच्या ओळीत, चौकोन. ‘नणंद’ म्हटलं की एका शब्दात नवरा, त्याची बहीण आणि बोलणारी बाई आहे हे तिन्ही कळतं. पण इंग्रजीतून भाषांतर केलेल्या प्रश्नात हाच शब्द घात करतो. तिथे अंकलचं डोळे मिटून ‘काका’ केलेलं असतं, आणि झाडावर मात्र तो आईचा भाऊ निघतो. प्रश्न दोन्ही भाषांत दिलेला असेल आणि मराठीतलं नातं झाडावर बसत नसेल, तर एकदा इंग्रजीकडे नजर टाका. ब्रदर इन लॉचं ‘मेहुणा’ झालेलं असतं आणि हवा असतो दीर.

दोन्हीकडून येणारं वाक्य

काही प्रश्नांत एक साखळी ‘माझ्या’पासून निघते आणि दुसरी ‘त्याच्या’पासून, आणि मधे ‘आहे’ असतं. एका मुलाकडे बोट दाखवून गौरी म्हणते, ‘त्याच्या वडिलांची आई माझ्या आईची सासू आहे.’

इथे एकच झाड सुरू केलं की पोरं फसतात. कागदाच्या डावीकडे गौरी, उजवीकडे तो मुलगा, दोन वेगळी झाडं काढा. गौरीकडून: आई, तिची सासू, म्हणजे गौरीच्या वडिलांची आई, गौरीची आजी. मुलाकडून: वडील, त्यांची आई, म्हणजे त्याची आजी. ‘आहे’ सांगतं की या दोन आज्या म्हणजे एकच बाई. दोन्ही गोल एकत्र आणा.

आता दिसेल की त्या आजीखाली एका रेघेवर गौरीचे वडील लटकलेत आणि एका रेघेवर मुलाचे वडील. ते दोघे एकच आहेत का? वाक्य काही सांगत नाही. एकच असतील तर मुलगा गौरीचा सख्खा भाऊ, वेगळे असतील तर चुलतभाऊ. पर्यायांत दोन्ही असतील आणि ‘माहिती अपुरी’ असाही पर्याय असेल, तर तो शेवटचा निवडायचा. वर्गात इथे बहुतेक जण घाईने चुलतभाऊ लिहितात, कारण आजी एक म्हटलं की चुलत घरच डोळ्यापुढे येतं. गणपतीत एका घरात सगळे जमतात ना, तसं.

याच वाक्यात ‘त्या आजीला एकच मुलगा आहे’ एवढं घातलं, तर दोन चौकोन एकमेकांवर सरकतात आणि तो सख्खा भाऊ ठरतो. ‘एकुलता एक’चं काम हेच असतं: झाडावर दोन वाटणाऱ्या माणसांना एक करणं. हा शब्द वाक्यात दिसला तर तो उगाच आलेला नाही, आणि हवा तिथे तो नसेल तर ‘माहिती अपुरी’कडे एकदा बघा.

सहा जणांचं घर

आता जरा मोठा प्रश्न. मी तो स्वतः तयार केला आणि वर्गात तोंडघशी पडलो, म्हणून तो तसाच सांगतो.

एका घरात क, ख, ग, प, र, स असे सहा जण आहेत. तीन पिढ्या आणि दोन जोडपी आहेत. ख ही क ची सून आहे. ग ही ख ची नणंद आहे. स हे र चे वडील आहेत. प हे र चे आजोबा आहेत. क चे ग शी नाते काय?

इथे ‘मी’ नाही, मग मधोमध कोणाला बसवायचं? ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त वाक्यं एकमेकांना चिकटतात त्याला. पहिली दोन वाक्यं ख ला धरून आहेत, म्हणून ख चा गोल मधे. तिला नवरा हवा, त्याचं नाव अजून माहीत नाही, म्हणून रिकामा चौकोन. त्या चौकोनाच्या वर क, पण प्रश्नचिन्ह घालून. चौकोनाच्या शेजारी, त्याच ओळीत, ग चा गोल.

शेवटच्या दोन वाक्यांचं वेगळं छोटं झाड होतं: वर प चा चौकोन, खाली स चा चौकोन किंवा स ची बायको, आणि त्याखाली र, प्रश्नचिन्ह घालून. प हे आजोबा आहेत, पण वडिलांचे वडील की आईचे वडील हे ‘आजोबा’ शब्द सांगत नाही. म्हणून प पासून स पर्यंतची रेघ तुटक ठेवायची.

आता दोन झाडं जोडायची. मी वर्गात म्हटलं, रिकामा चौकोन म्हणजे स. स ची बायको ख, त्यांचं अपत्य र, वर क आणि प हे दुसरं जोडपं, प पुरुष म्हणून क बाई, म्हणून क ही ग ची आई. फळा पुसायला डस्टर उचललं, तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, ‘सर, रिकामा चौकोन र का नाही?’

मी थांबलो. तिने फळ्यावर येऊन काढलं. र पुरुष, त्याची बायको ख. र ची आई क, बाप स, बहीण ग. आणि प हे आजोबा सगळ्यात वर. पिढ्या तीन, जोडपी दोन, चारही वाक्यं बसली. गंमत अशी, की या झाडातही क ही ग ची आईच येते! मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बचावलं, प्रश्न मात्र लंगडा होता. ‘ख चे र शी नाते काय’ असं विचारलं असतं, तर एका झाडात आई आणि दुसऱ्यात बायको.

तेव्हापासून मी त्यात ‘ख चा नवरा या सहा जणांतच आहे’ आणि ‘र अविवाहित आहे’ ही दोन वाक्यं जोडतो. मग र रिकाम्या चौकोनात बसू शकत नाही. प बसेल का? प जर क चा मुलगा असेल तर क, प, मग र चे आई-बाप, मग र, अशा चार पिढ्या होतात, आणि तीनच आहेत. म्हणून स. आता एक जोडपं ख आणि स झालं, दुसऱ्या जोडप्यासाठी वरच्या ओळीत प आणि क उरतात:

```
वरची ओळ      [प] ══ (क)
                 │
             ┌───┴───┐
मधली ओळ     (ग)     [स] ══ (ख)
                         │
खालची ओळ                र ?
```

बघा, क ला गोल कुठून मिळाला? ‘क ची सून’मधल्या ‘ची’ने नव्हे. दोन जोडपी आहेत या अटीने आणि प आजोबा असल्याने. तुटक ठेवलेली रेघही याच अटीमुळे पक्की झाली. आणि र चं प्रश्नचिन्ह शेवटपर्यंत तसंच राहिलं. ‘र हा ग चा कोण’ असं विचारून पर्यायांत फक्त ‘भाचा’ असेल, तर ‘हा’ या शब्दाने पेपर काढणाऱ्याने र पुरुष आहे हे आत्ता सांगितलं असं धरा. ‘र चे ग शी नाते काय’ असं विचारून भाचा, भाची आणि ‘निश्चित सांगता येत नाही’ असे तिन्ही दिले असतील, तर तिसरा.

त्या मुलीने केलं ते करण्याची सवय लावून घ्या. झाड पूर्ण झालं की ज्या जागा रिकाम्या ठेवून मग भरल्या, तिथे परत या आणि विचारा, इथे दुसरं कोणी बसलं असतं का. सगळं झाड तपासायला वेळ नसतो. रिकाम्या जागा सहसा एक-दोनच असतात.

चिन्हांचे प्रश्न, म्हणजे ‘A + B म्हणजे A हा B चा पिता’ वगैरे, यांत वेगळं काही नाही. चिन्हाजागी नातं लिहून आधी मराठी वाक्य करा आणि मग झाड काढा. चिन्हांवरच डोकं चालवू नका. एवढं बघा की चिन्ह पहिल्या अक्षराबद्दल सांगतं. ‘A + B’मध्ये A पुरुष ठरला, B ला प्रश्नचिन्हच.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. महाराष्ट्रात कित्येक घरांत मामाच्या मुलीशी लग्न होतं. त्या घरात मामा आणि सासरा एकच माणूस, आत्या आणि सासू एकच बाई. पेपरात हे धरायचं नाही. ‘सासरा’ आणि ‘मामा’ हे दोन शब्द आले तर तिथे दोन चौकोन, प्रश्नात तसं लिहिलेलं नसेल तर. आमच्या वर्गात एका मुलाने आपल्या घरच्या नात्यावरून उत्तर दिलं होतं आणि त्याच्या घरापुरतं ते अगदी बरोबर होतं.

आता एक तुम्ही काढून बघा. एका बाईकडे बोट दाखवून गौरी म्हणते, ‘हिच्या नवऱ्याच्या आईचा एकुलता एक मुलगा माझ्या मुलाचा मामा आहे.’ ती बाई गौरीची कोण? आणि हेच वाक्य गौरीऐवजी गणेश बोलला तर?

डावीकडच्या झाडात नवऱ्याच्या आईचा एकुलता एक मुलगा म्हणजे नवराच, बोट वर जाऊन तिथेच परत येतं. उजवीकडे गौरीच्या मुलाचा मामा म्हणजे गौरीचा भाऊ. दोन चौकोन एक झाले, तेव्हा ती बाई गौरीची वहिनी. गणेशच्या मुलाचा मामा म्हणजे गणेशच्या बायकोचा भाऊ, त्यामुळे ती त्याच्या मेहुण्याची बायको.